मांजर मांजराला चाटते तेव्हा

एक मांजर दुसऱ्याजवळ येऊन बसते, मान थोडी खाली घालते आणि कपाळ पुढे करते. दुसरे मांजर त्या कपाळावरून जीभ फिरवायला लागते, भुवईवरून कानाच्या मुळाशी येते, कानाच्या आतली कड चाटते आणि गालावरून हनुवटीखाली उतरते. पहिले मांजर डोळे मिटून मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवत राहते, जेणेकरून राहिलेली जागाही जिभेखाली यावी. एकाच घरात दोन मांजरे पाळणाऱ्या माणसाला हे दृश्य दिसले की जिवाला स्वस्थता वाटते. आपल्या मांजरांचे एकमेकांशी जमले आहे, असे तो समजतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र अशाच चाटण्याचा शेवट कधी मानेला दात लावण्यात होतो, एक मांजर फिसकारून निघून जाते आणि पाहणारा गोंधळतो. हे दोन्ही प्रसंग एकाच वर्तनाचे आहेत आणि त्यांतून घरातल्या मांजरांच्या नात्याविषयी नेमके काय कळते, ते येथे समजून घ्यायचे आहे.

प्राणिवर्तनाचे अभ्यासक या वर्तनाला अ‍ॅलोग्रूमिंग म्हणतात. त्याचा साधा अर्थ एकाने दुसऱ्याचे अंग साफ करणे. मांजर जागेपणीचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटण्यात घालवते आणि तिची पाठीची कमान इतकी लवचीक असते की पोट, मांड्या, शेपटीचे मूळ अशा जागी तिची जीभ सहज पोहोचते. कपाळ, कान, गाल, हनुवटीची खालची बाजू आणि मानेचा मागचा भाग मात्र जिभेच्या टप्प्याबाहेर राहतो. या जागा साफ करायला मांजर पंजा चाटून ओला करते आणि तो तोंडावरून फिरवते. आपण ओल्या फडक्याने भांडे पुसावे, तसे ते काम होते, पण जिभेची सर त्याला येत नाही. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, ते नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात आणि त्यांची टोके पोकळ असल्यामुळे लाळ थेट केसांच्या मुळापर्यंत पोहोचते, हे २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले. अशी जीभ ज्या जागेपर्यंत स्वतःहून जाऊ शकत नाही, नेमकी तीच जागा जोडीदार चाटतो. परस्परांना चाटण्याचा फार मोठा भाग डोके आणि मान यांवरच केंद्रित असतो.

यातून एक व्यावहारिक धोका निर्माण होतो आणि तो इथेच सांगून टाकणे मला आवश्यक वाटते. पिसवांसाठी त्वचेवर टाकायचे थेंब मानेच्या मागच्या बाजूला टाकतात, कारण मांजराला तिथले औषध स्वतःला चाटता येत नाही. घरात चाटणारा जोडीदार असेल तर हा हिशेब चुकतो, कारण त्याची जीभ सर्वांत आधी तिथेच जाते. म्हणून जागा पूर्ण सुकेपर्यंत मांजरांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे. कुत्र्यासाठी असलेल्या अशा काही औषधांत परमेथ्रिन असते, जे मांजरासाठी जीवघेणे विष ठरू शकते. घरात कुत्राही असेल आणि मांजर त्याला बिलगून झोपत असेल किंवा त्याला चाटत असेल, तर औषध निवडण्याआधी पशुवैद्यांना ही गोष्ट सांगायलाच हवी.

आता नात्याकडे वळू. पिल्लू जन्माला आल्या क्षणापासून आईच्या जिभेखाली असते. आई त्याला चाटून कोरडे करते आणि पोटाखाली चाटून लघवी व शौचाला लावते. डोळे व कान उघडण्याआधी पिल्लाला कळणारे जग म्हणजे ऊब, दूध, वास आणि ती खरखरीत जीभ. पुढे काही आठवड्यांत पिल्ले एकमेकांनाही चाटू लागतात आणि एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. मोठेपणी दोन मांजरे एकमेकांना चाटतात तेव्हा ती याच बालपणीच्या सवयीचा धागा पुढे चालवत असतात. हे वर्तन ज्याच्या-त्याच्याशी होत नाही, त्यासाठी आधी ओळख आणि जवळीक लागते. अनोळखी मांजराला जवळ येऊ देणे, त्यातही त्याचे दात आपल्या मानेपासून बोटभर अंतरावर असताना डोळे मिटून बसणे, ही मांजरासाठी लहान गोष्ट नाही.

शिवाय चाटण्याने वास मिसळतो. मांजर आपल्या माणसांना आणि सोबत्यांना डोळ्यांपेक्षा नाकाने अधिक खात्रीने ओळखते. एकत्र राहणारी मांजरे एकमेकांना चाटतात, गाल आणि कुशी एकमेकांवर घासतात, एकाच अंथरुणात झोपतात आणि या सगळ्यातून त्यांचा एक सामाईक वास तयार होतो. तो वास असलेले मांजर आपल्यातले, नसलेले परके. एखादे मांजर दवाखान्यातून परत येते तेव्हा त्याच्या अंगाला औषधांचा आणि इतर प्राण्यांचा वास लागलेला असतो. त्यामुळे काल ज्याला चाटले त्याच्यावरच घरातले दुसरे मांजर आज फिसकारते. हे नाते तुटल्याचे लक्षण नसते, सामाईक वास तेवढ्यापुरता हरवलेला असतो. परत आलेल्या मांजराला काही तास, गरज पडल्यास एखादा दिवस वेगळ्या खोलीत त्याच्या नेहमीच्या अंथरुणावर ठेवले, की बहुधा वास पुन्हा जुळतो.

कोण कोणाला चाटते याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातील शॅरन क्रोवेल-डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निर्बीजीकरण केलेल्या मांजरांच्या एका गटात रक्ताचे नाते असलेली मांजरे एकमेकांजवळ जास्त वेळ राहतात आणि एकमेकांना जास्त चाटतात, असे आढळले. सहवासाचा काळ जितका मोठा, तितकी जवळीक वाढते, हेही त्यात दिसले. त्याआधी १९९९ साली ब्रिटनमध्ये जॉन ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी मालक बाहेरगावी असताना मांजरे सांभाळणाऱ्या ठिकाणी जोडीने ठेवलेल्या मांजरांची निरीक्षणे केली होती. एकाच वेताची भावंडे अंगाला अंग लावून अधिक वेळ राहत, एकमेकांना अधिक चाटत आणि खातानाही जवळ बसत. एकाच घरातून आलेल्या, पण रक्ताचे नाते नसलेल्या जोड्यांमध्ये हे कमी दिसले. येथे एक बारकावा लक्षात ठेवला पाहिजे. एका वेताची भावंडे नात्याने जवळची असतात, तशीच ती जन्मापासून एकत्र वाढलेलीही असतात. त्यामुळे त्यांच्या जवळिकीत रक्ताचा वाटा किती आणि सहवासाचा किती, हे वेगळे काढणे कठीण असते. घरात मांजरे आणू पाहणाऱ्याला मात्र त्यातून सरळ निष्कर्ष काढता येतो. दोन मांजरे पाळायचीच असतील, तर एकाच वेताची दोन पिल्ले एकत्र आणणे सर्वांत सोयीचे.

या चित्राला दुसरी बाजू दिली ती डच संशोधक रूड फान डेन बॉस यांनी. घरात बंदिस्त राहणाऱ्या, निर्बीजीकरण केलेल्या २५ मांजरांच्या गटातले परस्परांना चाटण्याचे ८३ प्रसंग त्यांनी तपासले आणि १९९८ साली ते प्रसिद्ध केले. त्या गटात वरचढ मांजरे दुबळ्यांना जास्त चाटत होती आणि उलट दिशेने चाटणे कमी होते. चाटणारे मांजर बहुधा उभे किंवा ताठ बसलेले असे, तर चाटून घेणारे खाली बसलेले किंवा पडलेले असे. साधारण एक तृतीयांश प्रसंगांत काही ना काही आक्रमकता दिसली आणि ती चाटून घेणाऱ्यापेक्षा चाटणाऱ्याकडून अधिक वेळा झाली, तीही पुष्कळदा चाटून झाल्यावर. रक्ताच्या नात्याचा प्रभाव या गटात दिसला नाही. फान डेन बॉस यांचा तर्क असा की, जिथे उघड भांडण महागात पडेल तिथे मनातली चढाई चाटण्याच्या वाटेने बाहेर पडत असावी.

आधीचे दोन अभ्यास आणि हा अभ्यास यांचे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असे वाटेल, पण मला तसे वाटत नाही. पंचवीस मांजरे एका बंदिस्त जागेत राहतात तेव्हा प्रत्येकीला आपला सोबती निवडण्याची मोकळीक नसते, दूर जायला जागा नसते आणि जवळिकीत ताण मिसळणे स्वाभाविक असते. दोन-तीन मांजरांच्या घरातही तीच स्थिती येऊ शकते, कारण तिथे सोबत्याची निवड मांजरांनी केलेली नसते, आपण केलेली असते. त्यामुळे चाटणे दिसले एवढ्यावरून प्रेम आहे असे म्हणता येत नाही, तसेच शेवटी एक पंजा बसला म्हणून वैर आहे असेही म्हणता येत नाही. एकमेकांना खूप मानणारी मांजरेही चाटता चाटता खेळात उतरतात आणि मानेला हलकेच दात लावतात. उलट कधीही एकमेकांना न चाटणारी दोन मांजरे वर्षानुवर्षे शांतपणे एका घरात नांदतात. परस्परांना चाटणे दिसले तर तो जवळिकीचा चांगला पुरावा आहे, पण ते दिसले नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग पाहायचे काय? माझ्या मते तीन क्षण पाहावेत. पहिला सुरुवातीचा. चाटून घेणाऱ्या मांजराने स्वतः येऊन डोके पुढे केले असेल, तर ती मागणी आहे. झोपलेल्या किंवा जागेवर बसलेल्या मांजराकडे दुसरे सरळ चालत येऊन वरून मान चाटू लागले असेल, तर तिथे थोडे थांबून पाहावे. दुसरा क्षण मधला. चाटून घेणारे मांजर मान वळवून नवी जागा देते आहे, अंग सैल आहे, डोळे अर्धे मिटलेले आहेत, मध्येच तेही चाटायला लागते आहे, तर सगळे ठीक आहे. कान बाजूला पडायला लागले, पाठीची कातडी शहारल्यासारखी हलली, शेपटीचे टोक आपटू लागले किंवा मांजर पुढचे पाय अंगाखाली ओढून घट्ट होऊन बसले, तर ते सहन करते आहे. तिसरा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा क्षण म्हणजे शेवट. चाटणे संपल्यावर दोघे तिथेच पडून राहिले की एकाला उठून जावे लागले? आणि उठून गेलेल्याच्या जागेवर दुसरे बसले का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वारंवार होकारार्थी येत असेल, तर ते चाटणे जागा रिकामी करून घेण्याची सभ्य रीत झाली आहे, असे समजावे.

एकत्र झोपण्याकडे मी चाटण्यापेक्षा अधिक विश्वासाचा साक्षीदार म्हणून पाहते, कारण झोपलेले मांजर सावध नसते आणि सावध नसताना कोणाच्या कुशीत असावे हे ते जपून ठरवते. पण या साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते आणि तिथे हवामान आडवे येते. मांजराच्या शरीराला ऊब टिकवण्यासाठी जादा ऊर्जा खर्च करावी लागत नाही, असा हवेच्या तापमानाचा पट्टा साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे माणसाला जी खोली सुखद वाटते ती मांजराला थोडी गारच वाटते. थंडीत एकमेव उबदार गादीवर दोन मांजरे पाठीला पाठ लावून झोपली, तर ती कदाचित गादीसाठी आणि उबेसाठी एकत्र आलेली असतील, एकमेकांसाठी नव्हे. उन्हाळ्यात, घरभर मोकळ्या जागा असताना, एकाची हनुवटी दुसऱ्याच्या पाठीवर आणि पाय एकमेकांत गुंतलेले, अशी ती झोपली तर ती जवळीक उबेसाठी नाही हे नक्की. आणखी एक फसवे दृश्य म्हणजे एकच अंथरूण दोघांनी वापरणे. सकाळी एक आणि दुपारी दुसरे अशी वेळ वाटून ती वापरत असतील, तर तो समजूतदारपणा आहे, पण ती सोबत नाही. गादीवर दोघांचेही केस सापडतात म्हणून ती एकत्र झोपतात, असे अनेक जण समजतात.

माझ्याच घरातले उदाहरण सांगते. राखी सहा वर्षांची भाटी, गोटू तीन वर्षांचा बोका. दोघांचेही निर्बीजीकरण झालेले, नाते काही नाही, एकत्र येऊन दोन वर्षे झालेली. गोटू राखीला रोज चाटायचा आणि आम्ही घरात सगळ्यांना कौतुकाने दाखवायचो. मग राखीच्या मानेच्या मागे केस विरळ झालेले दिसले. पशुवैद्यांनी त्वचा तपासली, पिसवा किंवा बुरशी नसल्याची खात्री केली आणि चाटणे नीट पाहून लिहून ठेवायला सांगितले. दोन आठवडे मी वहीत नोंद ठेवली. सुरुवात कोणी केली, कुठे झाली, शेवट कसा झाला, एवढेच तीन रकाने होते. एकोणीस प्रसंगांपैकी पंधरा गोटूने सुरू केले होते. अकरांचा शेवट मानेला दात लावण्यात आणि राखी उठून जाण्यात झाला होता आणि त्या अकरांपैकी आठ एकाच जागी, दुपारचे ऊन येणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर घडले होते. आठही वेळा पुढच्या काही मिनिटांत गोटू त्या जागेवर बसला होता. राखीने स्वतः जाऊन डोके पुढे केल्याचे चार प्रसंग होते. ते सगळे संध्याकाळी, जमिनीवरच्या सतरंजीवर घडले आणि चारही शांतपणे संपले.

वही समोर ठेवल्यावर गोष्ट उलगडली. या दोघांत वैर नव्हते, अन्यथा ते चार प्रसंग घडलेच नसते. पण उन्हाचा कट्टा एकच होता आणि तो मिळवण्यासाठी गोटू जिभेचा वापर करत होता. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. चाटताना त्यांना ओढून दूर करणे तर आणखी वाईट, कारण त्याने दोघांचाही ताण वाढतो. आम्ही त्याच खिडकीच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच उंचीची फळी बसवली आणि मधे एक उभी पाटी लावली, म्हणजे एकमेकांवर नजर रोखता येऊ नये. कट्ट्यावरून उतरायला पूर्वी एकच वाट होती, तिथे दुसरी वाट करून दिली. खाण्याच्या वाट्या भिंतीलगत शेजारी शेजारी होत्या, त्या दोन खोल्यांत नेल्या. वाळूचे भांडेही दुसरे आणले आणि पहिल्यापासून लांब ठेवले.

या सगळ्यात एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चाटणे अचानक वाढले, थांबले किंवा अचानक एका जागेवर स्थिर झाले, तर जागेचा वाद गृहीत धरण्यापूर्वी आजार नाही ना, हे पाहावे. दात दुखणारे मांजर जोडीदाराला चाटणे सोडते. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या मांजराला स्वतःचे अंगही नीट चाटता येत नाही आणि जोडीदाराने अंगावर जोर दिलेला त्याला सहन होत नाही, त्यामुळे पूर्वी आवडणाऱ्या चाटण्यावर ते फिसकारू लागते. एखाद्या मांजराचा कान किंवा जखम दुसरे सतत चाटत असेल, तर तिथे संसर्ग असण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षे एकत्र झोपणाऱ्या जोडीतले एक मांजर एकाएकी कपाटाखाली एकटे झोपू लागले, तर मी त्याला रुसवा म्हणणार नाही, दवाखान्यात नेईन.

फळी बसवल्यानंतर महिन्याभराने मी पुन्हा दोन आठवडे नोंद ठेवली. प्रसंग एकोणीसवरून अकरावर आले. आधी मला ते वाचून वाईट वाटले, पण मग शेवटचा रकाना पाहिला. दात लावण्यात संपलेले प्रसंग दोनच होते आणि राखीने स्वतः सुरू केलेले सहा. तिच्या मानेवर मऊ, आखूड केस उगवले होते. दोघे अजूनही कुशीत कुशी घालून झोपत नाहीत आणि कदाचित कधी झोपणारही नाहीत. संध्याकाळी सतरंजीवर ते हातभर अंतर ठेवून पडतात, राखी मधेच उठून त्याच्याजवळ जाते, कपाळ पुढे करते, तो दोन-तीन मिनिटे तिचे कान चाटतो आणि मग ती तिथेच, त्याच्या पुढच्या पंजाला पाठ टेकवून, डोळे मिटते.